मावशींच्या फॉर्मवर सही करू का?

वाचकाचं पत्र : आम्ही नागाळा पार्कात राहतो. धुणं-भांडी आणि केर-फरशी करणाऱ्या मावशी बरीच वर्षं आमच्याकडे आहेत, शिवाय आणखी तीन घरं करतात. आधारकार्डाप्रमाणे त्यांचं वय ४६. परवा त्यांनी घरेलू कामगार मंडळाचा फॉर्म आणला आणि मालकाची सही पाहिजे म्हणाल्या. आमचे यजमान म्हणतात, सही केली की आपण मालक ठरलो, उद्या पीएफ आणि ग्रॅच्युइटी मागायला येतील. सासूबाई म्हणतात, दिवाळीला साडी आणि एक पगार जादा देतो, अडीनडीला उसने देतो, मग हे कशाला? बाकीची तीन घरं गप्प आहेत. सासऱ्यांना सांभाळायला दिवसभर एक ३३ वर्षांची मुलगी येते, तिचंही काही करावं लागेल का? कायद्यानं मी बांधील आहे का, आणि सही करून अडकेन का?

उत्तर :

ताई, सही करा. अडकणार नाही. पण ‘करा’ म्हणून मी इथंच थांबले, तर तुमच्या यजमानांची भीती तशीच राहील, आणि ती भीती कोल्हापुरातल्या पुष्कळ घरांत आहे. म्हणून आधी तिच्याबद्दल बोलू.

पीएफचा कायदा साधारणपणे २० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना लागू होतो. ईएसआयसी आणि ग्रॅच्युइटीसाठी हा आकडा १० आहे. तुमचं घर म्हणजे आस्थापना नाही आणि तिथं मावशी आणि सासऱ्यांना सांभाळणारी मुलगी अशा दोघीच कामाला आहेत. त्यांच्या फॉर्मवर सही केल्यानं घराची आस्थापना होत नाही, म्हणून पीएफचा प्रश्नच येत नाही. गोंधळ बहुतेक वेळा ई-श्रम कार्डामुळे होतो. त्यावर १२ आकडी यूएएन नंबर छापलेला असतो आणि पीएफच्या नंबरालाही यूएएनच म्हणतात. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. ई-श्रमचा नंबर ही असंघटित कामगाराची ओळख आहे, त्यात मालकाचा पैसा जमा होत नाही.

‘मालक ठरणं’ याबद्दल एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मावशी तुमच्याकडे काम करतात याचा तुमची सही हा पुरावा आहे, आणि पगाराचा वाद कधी झालाच तर तो पुरावा धरला जाईल. पण तुम्ही मालक आहात ते त्यांच्या हातात दरमहा पगार ठेवता म्हणून. जे खरं आहे तेच कागदावर येणार आहे, एवढंच. म्हणून दाखल्यात खरं तेच लिहा : त्यांचं नाव, तुमचा पत्ता, कामाचं स्वरूप, कधीपासून काम करतात. कधीपासून ते नक्की आठवत नसेल तर त्यांना विचारा, अंदाजानं वर्षं वाढवू नका आणि कमीही करू नका. तुमच्या आधारची झेरॉक्स मागितली तर तिच्यावर ‘घरेलू कामगार नोंदणीसाठी’ असं लिहून तारीख टाका. भरलेल्या फॉर्मची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

आता कायदा. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ चा आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांना त्याखाली नोंदणी करता येते. आपल्या जिल्ह्यात हे काम सहायक कामगार आयुक्त कार्यालयातून चालतं. वयाचा आणि राहण्याचा पुरावा, फोटो, बँक पासबुक आणि मालकाचा दाखला असे कागद लागतात. नोंदणीचे पैसे आणि कामगाराचं अंशदान अगदी नाममात्र आहे. तुमच्यासारख्या घरमालकावर या कायद्यानं वर्गणी बसवलेली नाही. म्हणजे ‘मी बांधील आहे का’ याचं सरळ उत्तर असं : पैशानं, नाही. माझ्या मते हा या कायद्याचा मोठा लंगडेपणा आहे. माथाडी कामगारांच्या मंडळात मालकाला लेव्ही भरावी लागते, इथं ती ठेवलीच नाही. सर्वोच्च न्यायालयानं २९ जानेवारी २०२५ च्या निकालात घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमण्यास केंद्राला सांगितलं, ते असा केंद्रीय कायदा नसल्यामुळे.

पण पैसा मागितला नाही म्हणून मालकाचं काम संपलं असं नाही. या साखळीत तुमचा दाखलाच असा कागद आहे, जो मावशी स्वतः तयार करू शकत नाहीत. आधार त्यांचं आहे, पासबुक त्यांचं आहे, फोटो कुठल्याही स्टुडिओत निघतो. तुम्ही गप्प राहिलात तर त्या कार्यालयाच्या दारातून परत येतात. चारही घरांच्या सह्या गोळा होण्याची वाट बघू नका, तुमच्या एका दाखल्यावर काम सुरू होऊ द्या.

मिळतं काय, तेही खरं सांगते. मंडळाचे लाभ लहान आहेत : बाळंतपणाला मदत, मृत्यूनंतर अंत्यविधीसाठी मदत, ५५ वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत कामगारांना १० हजारांचं सन्मानधन. मधली काही वर्षं मंडळाचा कारभार थंडावलेलाही होता. तरी नोंदणीचं मोल एप्रिल २०२१ मध्ये दिसलं. टाळेबंदीत राज्य सरकारनं घरकामगारांना १५०० रुपये दिले ते नोंदणी असलेल्यांना. ज्यांनी कधी नाव घातलं नव्हतं, किंवा घातलं पण नूतनीकरण केलं नाही, त्या बाया त्याच गल्लीत राहून कोरड्या राहिल्या. म्हणून कार्ड मिळाल्यावर नूतनीकरण कधी करायचं ती तारीख विचारून घ्या आणि घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. बहुतेक नोंदण्या मरतात त्या इथंच.

मंडळाबरोबर ई-श्रमही करून घ्यायचं. ते eshram.gov.in वर किंवा सीएससी केंद्रात होतं, फुकट आहे आणि वयाची मर्यादा १६ ते ५९ आहे. इथं मदत करणारी भली माणसं एक चूक करतात. मावशींचा मोबाइल आधारला जोडलेला नसतो, म्हणून आपलाच नंबर घालून मोकळी होतात. पुढं मावशींनी तुमचं घर सोडलं की ओटीपी तुमच्या फोनवर येत राहतो आणि त्यांना स्वतःचं कार्डसुद्धा उघडता येत नाही. आधी त्यांचा स्वतःचा नंबर आधार केंद्रात जोडून घ्या, मग नोंदणी. पंचगंगेच्या काठच्या वस्त्यांत २०१९ आणि २०२१ च्या पुरात कागदांच्या पिशव्याच्या पिशव्या वाहून गेल्या. नंबर मावशींचा स्वतःचा असेल तर ई-श्रम कार्ड पुन्हा काढता येतं.

आता सासूबाईंचं म्हणणं. साडी आणि दिवाळीचा जादा पगार यांना मी कमी लेखत नाही. खूप घरांत तेही मिळत नाही. पण त्यांना एक विचारावंसं वाटतं : उद्या तुम्ही पुण्याला मुलाकडे राहायला गेलात, तर यातलं मावशींच्या हातात काय उरेल? उसने दिलेले पैसे पुढच्या पगारातून कापले जातात, तेव्हा तो आधार खरा असला तरी तो त्यांच्याच कमाईतून फिटतो. घराच्या मायेला मालकाच्या घराइतकंच आयुष्य असतं. मावशींच्या नावाचं खातं त्यांच्याबरोबर चौथ्या घरीही जातं आणि दहाव्याही. दिवाळीचा पगार बंद करू नका. त्याच्याबरोबर थोडा पैसा नावाच्या खात्यात जाऊ दे.

खरा फरक इथून पुढं पडतो, आणि तो वयामुळे पडतो. तुमच्या घरात दोन बायका काम करतात, पण एकीला लागू पडतं ते दुसरीला पडत नाही.

सासऱ्यांना सांभाळणाऱ्या मुलीचं वय ३३ आहे, म्हणून तिला प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना खुली आहे. अटी अशा : वय १८ ते ४०, महिन्याची कमाई १५ हजारांपर्यंत, आणि पीएफ, ईएसआयसी किंवा एनपीएसमध्ये नसणं. ज्या वयात शिराल त्या वयाचा हप्ता कायम राहतो. ३३ व्या वर्षी तो महिना १३० रुपये आहे. तेवढेच केंद्र सरकार घालतं. साठीनंतर महिना ३००० रुपये पेन्शन सुरू होते, आणि पेन्शन चालू असताना ती गेली तर नवऱ्याला निम्मी मिळते.

हिशेब मांडून बघा. वर्षाचे १५६० रुपये, २७ वर्षांत तिचे ४२,१२० रुपये जातील. पेन्शन सुरू झाल्यावर पंधराव्या महिन्यात ते वसूल होतात. पण ३००० रुपये हा आकडा महागाईबरोबर वाढत नाही. महागाई दरसाल ५ टक्के धरली तर २७ वर्षांनंतरचे ३००० म्हणजे आजचे साधारण ८०० रुपये. हे तिला सांगा, लपवू नका. तेवढ्यावर म्हातारपण निघणार नाही, तरी दरमहा खात्यात येणारी ती तिची पहिली हक्काची रक्कम असेल. लांबणीवर मात्र टाकू नका. ३४ व्या वर्षी हप्ता १४० होतो, ३८ ला १८०, आणि चाळिशीनंतर दार बंद.

काम सीएससी केंद्रात होतं. आधार, पासबुक आणि मोबाइल घेऊन तिनं स्वतः जायचं, पहिला हप्ता रोख भरायचा आणि पुढचे खात्यातून आपोआप कापून घ्यायला संमती द्यायची. बिघडतं ते या कापण्यात. महिन्याच्या त्या दिवशी खात्यात शिल्लक नसली की हप्ता चुकतो, आणि असे हप्ते साचले की दंडासकट भरून खातं पुन्हा चालू करावं लागतं. दर दोन-तीन महिन्यांनी पासबुक छापून आणायला सांगा. कापल्याची नोंद दिसली म्हणजे खातं जिवंत आहे.

हप्ता कुणी भरायचा? मालकाला भरता येतो. त्यासाठी ‘डोनेट अ पेन्शन’ नावाची सोय २०२२ पासून maandhan.in वर आहे. घरकामगार, ड्रायव्हर अशा माणसांसाठी निदान एका वर्षाचे पैसे भरायचे असतात, तुमच्या बाबतीत ते १५६० होतील. पहिलं वर्ष तुम्ही भरा. त्यानंतर माझं मत असं की तिच्या पगारात १३० रुपये वाढवा आणि हप्ता तिच्याच खात्यातून जाऊ द्या. कारण ताई, सासऱ्यांना सांभाळण्याचं हे काम कधीतरी संपणार आहे. ते संपेल त्या महिन्यात पेन्शनचा हप्ताही बंद पडू नये.

मावशींना यातलं काहीच मिळत नाही. चाळिशी ओलांडली म्हणून श्रमयोगी मानधन नाही, अटल पेन्शनही नाही. काही केंद्रांवर वय कमी करून देतो असं सांगणारे भेटतात. आधीच बऱ्याच बायकांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी अशी ठोकळ घातलेली असते, त्यामुळे मोह होतो. त्या वाटेला जाऊ देऊ नका. बँक, रेशन आणि मंडळ यांच्या कागदांवरची तारीख जुळली नाही तर पुढचा प्रत्येक दावा तिथंच अडकतो.

त्यांच्यासाठी दोन विमे अजून उघडे आहेत, आणि दोन्ही त्यांच्या बँकेतच होतात. जीवनज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये. कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तर वारसाला २ लाख. त्यात पन्नाशीपर्यंत शिरता येतं आणि हप्ता चालू ठेवला तर ५५ पर्यंत संरक्षण राहतं. म्हणजे मावशींजवळ शिरायला थोडीच वर्षं उरली आहेत. दुसरा सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, ७० वर्षांपर्यंत. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख. दोन्ही मिळून ४५६ रुपये, चार घरांत वाटले तर प्रत्येकी ११४.

या विम्यांची मर्यादाही कळली पाहिजे. तुमच्या ओल्या बाथरूममध्ये पाय घसरून मावशींचं मनगट मोडलं, तर यातला एकही विमा पैसे देणार नाही, कारण बरं होणारं हाड म्हणजे कायमचं अपंगत्व नव्हे. अशा वेळी दवाखान्याचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का ते बघायचं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन सीपीआरमध्ये किंवा योजनेतल्या रुग्णालयात जायचं आणि दाखल होतानाच आरोग्यमित्राला भेटायचं. बिल झाल्यावर भेटून उपयोग नसतो. आणि हात गळ्यात असताना बुडणारा दीड-दोन महिन्यांचा पगार? तो कुठलीच योजना देत नाही. तो चार घरांनी द्यायचा आहे. घरात काम करताना लागलं तर पगार कापणार नाही, एवढं आजच त्यांना सांगून टाका. सहीपेक्षा हे जास्त खर्चाचं आहे, आणि मालक म्हणून तुमचं कर्तव्य कशाला म्हणायचं असेल तर मी आधी याला म्हणेन.

म्हातारपणासाठी मावशींच्या नावानं पोस्टात पीपीएफ खातं उघडता येईल. ते १५ वर्षांचं असतं, म्हणजे त्यांच्या ६१-६२ व्या वर्षी हातात येईल. चार घरांनी महिना २५० घातले तर हजार होतात. १५ वर्षांत मुद्दल १ लाख ८० हजार, आणि सध्याच्या ७.१ टक्के दरानं रक्कम तीन लाखांच्या वर जाते. हा दर सरकार बदलू शकतं. पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरावेत, नाहीतर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. पहिली काही वर्षं हे पैसे हाताशी नसतात. मुलीचं लग्न किंवा घराची दुरुस्ती समोर असेल तर मावशी पाच वर्षांचं आवर्ती खातं पसंत करतील. तो निर्णय त्यांचा. बाकीची घरं तयार नसतील तर तुमच्या २५० वर सुरू करा. वर्षाला निदान ५०० भरले की पीपीएफ खातं चालू राहतं.

पगार बँकेतून देणं सोयीचं वाटेल, कारण त्यातूनच हप्ते कापले जातात. पण आधी दोघींना बाजूला घेऊन विचारा. कितीतरी घरांत एटीएम कार्ड नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतं आणि रोख हातात पडलेला पगारच बाईचा राहतो. तसं असेल तर पगार रोख द्या आणि फक्त हप्त्यांची रक्कम वेगळ्या, कार्ड नसलेल्या खात्यात जाऊ दे.

यजमानांना हे सगळं एका बसणीत पटवू नका. फॉर्म आणि दाखला त्यांच्यासमोर ठेवा, त्यात कुठल्या ओळीत तुमच्याकडून पैसे देण्याचं वचन आहे ते त्यांनाच शोधू दे. शेजारच्या तीन घरांशी बोलताना सहीपासून सुरुवात करू नका, वर्षाच्या ११४ रुपयांपासून करा. सही नंतर मागा. आणि मावशींच्या खात्यातून विम्याचे पैसे दरवर्षी २५ ते ३१ मे दरम्यान कापले जातात, तेव्हा २० मेच्या आसपास खात्यात ४५६ रुपये आहेत ना, एवढं त्यांना आठवण करून विचारत जा.